यास्मिनची नागपूर फेरी

पाटोद्याच्या पैलवान पोरींना स्पर्धेसाठी नागपूरला न्यायचं काम यास्मिननं घेतलं, तेव्हा बीडच्या गाडीतळावर दोघंतिघं हसले. बाई, आणि एवढी लांबची मिनीबस! यास्मिननं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. टायर, ब्रेक तपासले आणि कालच नागपूरहून गाडी घेऊन परतलेल्या जलालुद्दीनचाचांना फोन लावला.

"जालन्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू हाय, बेटा. तासभर जादा धर. आन समृद्धीवर दर दोन तासाला उतर. सरळ रस्ता माणसाला झोपवतो."

तिनं थांबे ठरवले, रस्त्याच्या कामाचा तास धरला आणि वर आणखी एक तास राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपुरात पोरींची वजनं होती. ती चुकली की स्पर्धेतून बाद. रात्री ती लवकर आडवी झाली, पण लाईट गेली आणि उकाड्यानं झोप मोडली ती मोडलीच.

उजाडताच गाडी निघाली. ठरलेले थांबे होत गेले, पोरींची गाणी झाली. दुपारी जेवणानंतर समृद्धीवर मात्र सगळा आवाज विझला. यास्मिनला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. पापण्या जड झाल्या. मागचा फलक कोणत्या गावाचा होता, ते तिला आठवेना. तेवढ्यात कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर चाक गेलं आणि गाडी घरघरली.

ती दचकली. डोळे तर उघडेच होते! पण मधले काही क्षण तिच्या हिशेबात नव्हतेच.

"ताई, काच उघडा, तोंडावर पाणी मारा," शेजारी बसलेले पोरींचे प्रशिक्षक युवराजसर म्हणाले. "पुढचा थांबा अजून लांब हाय."

"न्हाई सर. पाण्यानं झोप जात न्हाई, नुसती लपती. माझा डोळा लागला होता. ह्यो समोर पंप आलाय, इथंच थांबते."

"अन् वजनं?"

"पोरी पोचल्या तर वजनं."

वेग कमी करून तिनं गाडी पंपाच्या आवारात घेतली. कोरा चहा प्यायली, गजर लावला आणि सीट मागं करून वीसेक मिनिटं निवांत झोपली. उठल्यावर लगेच चावी फिरवली नाही. अंगातला जडपणा जाईस्तोवर चालत राहिली. डोकं लख्ख झालं, तेव्हाच स्टिअरिंग धरलं.

राखून ठेवलेल्या तासातलं बरंच उरलं होतं. नागपूरच्या मैदानात गाडी शिरली, तेव्हा वजनकाट्यापुढं रांग नुकतीच लागत होती. छोट्या मंगलनं खिडकीतूनच आरोळी ठोकली. सगळ्या पोरी धावल्या.

दुसऱ्या दिवशी मंगलनं अंतिम कुस्ती चितपट जिंकली. पदक गळ्यात पडताच ती प्रेक्षकांतून वाट काढत आली आणि तिनं यास्मिनला थेट खांद्यावर घेतलं.

"अगं पोरी, पाडशील मला!" यास्मिन ओरडत होती, हसत होती. खाली युवराजसर टाळ्या वाजवत म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात कोल्हापूर. थांबे तुमीच ठरवा."