आखूड शेपटीचा फायटर

पालेगावच्या हरिचंद्रदादांनी फोटो बघून मादी म्हटलं की मादी, नर म्हटलं की नर. अंबरनाथ-बदलापूरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यापुढे कुणी वाद घालत नसे. गप्पी असो की एंजल, दादांचं उत्तर दोन मिनिटांत यायचं, आणि त्या दोन मिनिटांचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्या रविवारी देवळात सप्ताहाची सांगता होती. काल्याच्या कीर्तनाला निघताना, एक पाय चपलेत असताना, बदलापूरच्या यशोधराताईंनी ग्रुपवर एका माशाचा फोटो टाकला. ताईंचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्यानं हौसेनं आणलेला लांब शेपटीचा निळा फायटर मासा तेवढा मागे राहिला होता. फायटर जगतो दोन-तीन वर्षं, आणि निळ्याचं वय होत आलं होतं. त्याची पिल्लं व्हावीत म्हणून ताईंनी उल्हासनगरहून मादी आणली होती. चार दिवस ती बरणीत घालून निळ्याच्या टाकीत ठेवली होती, ओळख व्हावी म्हणून. आता सोडू का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

दादांनी पाहिलं. तांबूस मासा, आखूड शेपटी, भरलेलं पोट, पोटाखाली पांढरा ठिपका, सगळ्या मादीच्या खुणा. त्यांनी लिहिलं, 'मादी आहे ताई. बिनधास्त सोडा.' फोन खिशात टाकला आणि ते टाळकऱ्यांमागे जाऊन बसले.

बुवा रंगात आले होते. देव भिकाऱ्याच्या वेशात दारी आला आणि घरच्यांनी फाटकं धोतर बघून त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं, अशी कथा चालली होती. लोक हसत होते. "मेल्यांनो, धोतर बघितलंत, तोंड बघायला काय पैसे पडत होते?" बुवांनी विचारलं. दादाही हसले, आणि हसता हसता त्यांना ताईंचा फोटो आठवला.

त्यांनी मांडीआड फोन काढून फोटो मोठा केला. डोकं रुंद होतं. अंग जाडजूड. पोटाखालचे दोन पर चांगले लांब, आणि मागचा खालचा पर शेपटीकडे तिरका, टोकदार होत गेलेला. पोट नुकतंच खाल्ल्यामुळे फुगलेलं असणार. ठिपका तर कोवळ्या नरालाही दिसतो, हे त्यांनीच ग्रुपवर दहादा सांगितलं होतं. आखूड शेपटीच्या जातीचा तो नर होता. दोन नर एका टाकीत म्हणजे मारामारी, आणि निळ्याला तर स्वतःची शेपटी ओढतच पोहावं लागे.

त्यांनी तिथूनच फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. हंडी फुटायची होती, काला वाटायचा होता. पस्तीस वर्षांत दादा काला घेतल्याशिवाय उठले नव्हते. शेजारच्या महिपतीनं धोतराचा सोगा धरला, तो सोडवून ते बाहेर पडले आणि स्कूटर काढली.

बदलापुरात ताई जिन्यातच भेटल्या. फोन घरी ठेवून विहारात वंदनेला गेल्या होत्या, आत्ताच परतत होत्या. दादांना बघून त्या खुलल्या. तुमचा निरोप आला आणि लगेच सोडलं हो, म्हणाल्या. चार दिवस निळा बरणीसमोर पर फुलवून नाचत होता, लग्नघरच जणू.

नर मादीसमोर पर फुलवतो, तसाच दुसऱ्या नरासमोरही फुलवतो, हे सांगायला दादांचं तोंड उघडेना. दार उघडल्यावर सांगायची गरज उरली नाही. निळा तळाशी आडवा होता. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या, कल्ला हलत नव्हता. तांबूस मासा काचेपाशी आला आणि समोरच्या स्टीलच्या डब्यात स्वतःची छबी बघून फुलला. कल्ल्यांखाली नराची काळी दाढी पसरली. आंधळ्यालाही कळलं असतं.

ताई म्हणाल्या, "हा नर आहे?"

"नर आहे, ताई. मी शेपटी बघितली, मासा नाही बघितला. कीर्तनाची घाई होती."

"घाई होती तर उद्या सांगायचं होतं, भाऊ. मी थांबले असते."

दुकानदारानं मादी म्हणून विकला, असं दादांना म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलं आणि त्यांनी गिळलं. तिथंच स्टुलावर बसून त्यांनी ग्रुपवर आपल्याच उत्तराखाली लिहिलं, 'नर आहे. माझी चूक. ताईंचा निळा मेला. ज्यांनी ज्यांनी माझ्या एका शब्दावर जोडी लावली असेल, त्यांनी पुन्हा फोटो पाठवा. बाजूनं, आणि आरसा दाखवून.' दोनदा खोडून लिहावं लागलं.

ताईंनी निळ्याला चमच्यानं अलगद उचललं आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या मुळाशी पुरलं. दादांनी माती लोटायला हात पुढे केला. ताईंनी तो अडवला नाही, पण दादांकडे बघितलंही नाही.

निघताना दादांनी विचारलं, हा तांबूस मी घेऊन जाऊ का, रोज डोळ्यांपुढे कशाला?

ताई टाकीपाशी गेल्या. "राहू दे. त्याला आत सोडलं आपण. तो काय करणार?" असं म्हणून त्यांनी दाण्याची डबी उघडली आणि चार दाणे पाण्यावर टाकले.

दादा दारातून परत फिरले आणि तो मासा दाणे कसे टिपतो ते खाली वाकून, डोळ्यांवर चष्मा चढवून, बघत राहिले.