राजीनाम्याचं नाव बदलताना

लोकांना नोकरी सोडायला शिकवणारा माणूस गेले चार महिने नोकरीत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथे रमला होता.

त्याच्या पॉडकास्टचं नाव 'राजीनामा'. तीन वर्षांपूर्वी एका विमा कंपनीतली खुर्ची लाथाडून त्याने तो सुरू केला. बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात डोकं घालून पहिला भाग रेकॉर्ड केला, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. 'मित्रांनो, सोमवार हा फक्त एक वार आहे,' हे त्याचं सुरुवातीचं वाक्य. बायकोच्या साड्यांना उद्देशून म्हटलेलं ते वाक्य हजारो लोकांनी मनावर घेतलं. दर गुरुवारी एक पाहुणा यायचा, आपण साहेबाच्या टेबलावर कागद कसा ठेवला ते सांगायचा, आणि शेवटी हा म्हणायचा, 'तुम्हीही करू शकता.' श्रोते त्याला सर म्हणू लागले. कोणी विचारलं तर तो मान तिरकी करून म्हणायचा, "सर वगैरे काही नाही हो," आणि पुढच्या माणसाने सर म्हणण्याची वाट पाहायचा.

पहिलं वर्ष झकास गेलं, दुसरं बरं गेलं. तिसऱ्या वर्षी सगळे राजीनामे एकसारखे वाटू लागले. साहेब तोच, गुदमरणं तेच, फक्त पाहुण्याच्या शर्टाचा रंग वेगळा, आणि तोही पॉडकास्टमध्ये दिसत नाही. शिवाय जुन्या पाहुण्यांना 'पुढे काय झालं' विचारायला फोन करावा, तर निम्मे मीटिंगमध्ये असायचे.

मग एक दिवस पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षण विभागात जागा असल्याचं कळलं. तो 'सहज बघायला' गेला आणि गळ्यात ओळखपत्र घालून परत आला. पैशांचं कारण त्याने सगळ्यांना सांगितलं, कारण ते सन्मानाचं होतं. खरं कारण असं, की दिवसभर घरात एकट्याने मोकळं राहून त्याला कंटाळा आला होता. ऑफिसात माणसं होती. प्रिंटर बिघडला की पाच जण त्याच्याभोवती जमून पाच वेगळी निदानं करत. संध्याकाळी काम संपायचं, म्हणजे खरोखर संपायचं. त्याला हे सगळं फार आवडलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली, की रविवारी कपाटात शिरताना तो ओळखपत्र सदऱ्याच्या आत सरकवायचा. कपाटात त्याला बघणारं कोणी नव्हतं, तरीही.

हे ढोंग पहिल्यांदा पकडलं ते कात्रीने. कात्री म्हणजे पॉडकास्टचं संकलन करणारी मुलगी. तो बोलायचा आणि ती कापायची, म्हणून ते नाव. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एक आलेख त्याच्यापुढे सरकवला.

"दादा, ही रेघ म्हणजे लोक कुठपर्यंत ऐकतात ते. इथे बघ. धबधबा."

"कशामुळे?"

"इथे तू म्हणतोस, तुम्हीही करू शकता. दर भागात इथेच पडते. आधी पडत नव्हती."

"आवाजात काही दोष असेल."

"आवाज चांगला आहे. तुझा विश्वास नाहीये त्यावर. मी रोज तुझे श्वास कापते, मला कळतं."

स्वयंपाकघरातून बायको शांतपणे म्हणाली, "मला चार महिने कळतंय. पण माझे श्वास कोण मोजतं."

त्याच टेबलावर पहिली बैठक बसली. बायको, कात्री, तो, आणि टीव्हीचा आवाज कमी करून कान इकडे लावलेले सासरे. कात्रीने तीन वाटा मांडल्या. एक, पॉडकास्ट सन्मानाने बंद करायचा. दोन, नव्या विषयाचा नवा पॉडकास्ट काढायचा, म्हणजे शून्यापासून सुरुवात, एकही श्रोता आपोआप येणार नाही. तीन, फीड तेच ठेवायचं आणि त्यावरचं नाव, चित्र, विषय बदलायचा. फीड म्हणजे ती नळी, जिच्यातून नवा भाग श्रोत्याच्या फोनवर आपोआप पोचतो. नळी तीच राहिली तर माणसं राहतात, जुने भागही राहतात.

"पण रागावतील," कात्री म्हणाली. "त्यांनी एक मागितलं होतं, आपण दुसरंच वाढणार."

"मग श्रोत्यांनाच विचारू," तो म्हणाला. आपला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची संधी तो कधी सोडत नसे.

प्रश्नावली पाठवली. प्रचंड बहुमताने उत्तर आलं: काहीही बदलू नका, राजीनामा आमचा श्वास आहे. तो गहिवरला. कात्रीने मात्र प्रश्नावलीत गुपचूप एक जादा प्रश्न घातला होता, तुम्ही शेवटचा भाग कधी ऐकला. श्वास मानणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वर्षभरात एकही ऐकला नव्हता.

"म्हणजे श्वास न घेता जगतायत," सासरे टीव्हीकडे बघत म्हणाले.

"बाबा, तुम्ही ऐकता का?"

"मी कशाला ऐकू जावईबापू? मी चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलो. मला पुरेसा आवाज होता."

मग नावांची वेळ आली. विषय पक्का व्हायच्या आधी नाव ठरवणं म्हणजे बाजारात तुरी, पण त्याचाच त्याला उत्साह. त्याने 'प्रवास' सुचवलं. कात्रीने शोधून दाखवलं, त्या नावाचे इतके पॉडकास्ट होते की त्यातून आपला शोधून काढणं हाच एक प्रवास झाला असता. 'क्षितिज' सुचवलं. बायको म्हणाली, ते नेहमी लांबच राहतं. 'पुनर्जन्म' सुचवल्यावर सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी कात्रीने हुकूम सोडला. नाव आत्ता नाही. आधी त्याच फीडवर, त्याच नावाखाली, तीन वेगळे भाग टाकून बघायचे. रेघ कुठे पडते ते बघायचं. घर बदलण्याआधी माणूस शेजार बघतो, तसं.

"पण वेगळं म्हणजे कशाबद्दल?" त्याने विचारलं. तीन वर्षं लोकांना आपला मार्ग शोधा सांगणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं.

उत्तर कंपनीत मिळालं. तो नव्या कामगारांना पंप बसवताना घ्यायची काळजी समजावत होता, तेव्हा मागच्या दारात एक बाई उभ्या राहून ऐकत होत्या. गोदामाच्या कामाला होत्या. वर्ग संपल्यावर त्या जवळ आल्या.

"तुमचा आवाज ओळखीचा आहे."

"असेल. असे आवाज बरेच असतात."

"'मित्रांनो' म्हणा बरं एकदा."

तो पाठ फिरवून फळा पुसू लागला.

"तुम्हीच. तुमचं ऐकून मी इथला राजीनामा दिला होता. तेव्हा गोदामाची प्रमुख होते मी. कपडे शिवून द्यायचा धंदा काढला. धंदा वाईट नव्हता, पण दिवसभर एकटीने मशीनशी बोलायचं म्हणजे… जमलं नाही मला. परत आले. आता माझ्या हाताखाली जी मुलगी होती, तिच्या हाताखाली आहे मी."

त्याला माफी मागावीशी वाटली, पण ती कुठल्या शब्दांत मागायची ते सुचेना. तीन वर्षांत त्याने त्या बाजूचं एकही वाक्य तयार केलं नव्हतं. बाईंना त्याचा चेहरा बघून कीव आली असावी.

"घाबरू नका, तुम्ही हात धरून नेलं नव्हतं. सोडायचं माझ्याच मनात होतं. फक्त एक सांगते. जाणाऱ्यांना तुम्ही हार घालता. परत येणाऱ्याला दारात कसं वाटतं ते कोणी विचारत नाही. मला तर पहिल्या दिवशी स्वतःच्याच जुन्या कपात चहा दिला, आणि कप कोणाचा ते कोणाला आठवत नव्हतं."

दोन रविवारांनी त्या घरी आल्या. बेडरूमचं कपाट बघून त्या म्हणाल्या, "इथून सांगत होतात होय लोकांना, दार उघडा म्हणून." बायको त्या दिवसापासून त्यांची मैत्रीण झाली.

दोघं कपाटासमोर स्टुलांवर बसली. त्याने घसा साफ केला आणि सवयीने सुरुवात केली. "मित्रांनो, आयुष्याच्या वळणावर कधी कधी वाटा पुन्हा त्याच उंबरठ्याशी—"

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "कामाचं बोला."

तो अडखळला. मग त्याने सदऱ्यातून ओळखपत्र बाहेर काढलं, त्यावरची कंपनी आणि आपलं पद माइकसमोर वाचून दाखवलं, आणि म्हणाला, "मी पाच महिने नोकरी करतोय. मला आवडतेय. तुम्हाला सांगितलं नव्हतं." पुढचा तास बाईच बोलल्या. जुन्या हाताखालच्या मुलीकडे रजा मागताना जीभ कशी जड होते, आणि ती मुलगीही कशी अवघडते, आणि दोघी मिळून एकदा गोदामात कशा हसत सुटल्या, ते सगळं. त्याने फारसे प्रश्न विचारले नाहीत. त्याच्या कारकिर्दीतली ती सर्वोत्तम मुलाखत झाली, आणि त्यात त्याचं योगदान मुख्यतः गप्प बसण्याचं होतं.

कात्रीने त्या भागात जवळजवळ काहीच कापलं नाही. 'ते राहू द्या, कामाचं बोला' हेही ठेवलं. रेघ जरा झुकली, पण धबधबा झाला नाही. लोक शेवटपर्यंत बसले होते. शिव्याही आल्या. 'सर, तुम्हीसुद्धा?' असं लिहिणारे पुष्कळ होते, आणि त्यांतले काही ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या इमेलवरून लिहीत होते. दुसरा भाग एका निवृत्त होऊ न शकणाऱ्या शिक्षिकेचा, तिसरा दोन सहकाऱ्यांच्या अबोल्याचा. तेही टिकले.

"नाव तर त्या बाईच देऊन गेल्या," बायको म्हणाली. "कामाचं बोला."

त्याने विचार केल्यासारखं केलं. "मला क्षितिज अजूनही—"

"दादा," कात्री म्हणाली.

बदल एका गुरुवारी झाला. आधी दोन मिनिटांचा छोटा भाग टाकून सांगितलं, की आता इथे नोकरी सोडण्याबद्दल नाही, नोकरीतल्या माणसांबद्दल बोललं जाईल, आणि ज्यांना हे नको त्यांनी खुशाल जावं. जाण्याबद्दल तरी या कार्यक्रमात कोणी बोल लावणार नाही. मग नाव, चित्र, माहिती एकाच दिवशी बदललं. वर्णनात 'पूर्वीचं राजीनामा' ही ओळ ठेवली, म्हणजे जुनं नाव शोधणारा वाट चुकणार नाही. जुने भाग पुसायचे नाहीत असं बायकोने बजावलं. "जे बोललास ते बोललास. लोकांनी नोकऱ्या सोडल्यात, तू निदान फाइल ठेव."

पहिल्या महिन्यात श्रोते चांगलेच घटले. कात्री म्हणाली, असंच होतं, गेले ते मनाने आधीच गेले होते. तो रोज सकाळी आकडा बघून खचायचा आणि ऑफिसात जाऊन सावरायचा.

राहता राहिला प्रायोजक. तीन वर्षं त्याला जाहिरात देणारी ही एक बायोडाटा लिहून देणारी कंपनी होती. विषय उलटा झाल्याचं त्यांना कसं सांगायचं, या धास्तीने त्याने फोन पुढे ढकलला, आणि शेवटी सासऱ्यांच्या देखतच लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमची काही हरकत नाही. परत येणाऱ्यालाही बायोडाटा लागतोच. उलट मधली वर्षं नीट लिहून द्यावी लागतात, ते जास्त कामाचं आहे."

फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "मग तुम्ही तुमची मधली तीन वर्षं काय लिहिली होती?"

"स्वतंत्र सल्लागार," तो म्हणाला.

सासऱ्यांनी पहिल्यांदाच टीव्ही बंद केला आणि विचारलं, "हे ऐकायला फोनवर नेमकं काय दाबायचं असतं?"