सात नंबरच्या खोलीतला बोर्ड

चौबळबाईंच्या वसतिगृहात तोंडी तक्रार चालत नसे. मुलगी रडत आली तरी बाई आधी तिला पाणी देत आणि मग टेबलावरच्या तक्रारवहीकडे बोट दाखवत. काय ते लिहायचं, खोलीचा नंबर घालायचा, खाली सही ठोकायची. संध्याकाळी प्रार्थना झाली की त्या दिवशीची पानं बाई सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. पाठीमागे कुजबूज नको, जे असेल ते तोंडावर, असा त्यांचा खाक्या. कल्याणच्या त्या मुलींच्या वसतिगृहात मंदाकिनी चौबळ अकरा वर्षं वॉर्डन होत्या, आणि अकरा वर्षांत कुणावर अन्याय झाला नाही, असं त्या छातीठोक सांगत. खोटं नव्हतं ते. बाई मनाने सरळच. पण सरळ माणसाला एक खोड असते, आपण घालून दिलेला रस्ताही सरळच आहे असं त्याला वाटतं.

शहाण्णव सालच्या श्रावणात रखमाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. ती वसतिगृहात झाडू मारायची, लाद्या पुसायची. रोज सकाळी खडवलीहून यायची, दुपारी परत जायची. बाईंपेक्षा तिची नोकरी जुनी. सात नंबरच्या खोलीत पुसताना वायरीला हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या, असं तिने सांगितलं. पहिली वेळ नव्हे, ही तिसरी. पोरींनी एका बोर्डाला नाही नाही ते लावून ठेवलंय, बाईंनी जरा बघावं.

बाईंनी ऐकून घेतलं. आणि सवयीने वहीकडे बोट दाखवलं.

"मला कुठं लिहिता येतंय, बाई?" रखमाबाई हसून म्हणाली.

मग एखाद्या मुलीकडून लिहून घ्या, बाई म्हणाल्या. तुसडेपणाने नव्हे हो, अगदी नीट म्हणाल्या. नियम तो नियम, आज तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल. रखमाबाईलाही ते पटलं असावं. ती गेली आणि सात नंबरमधल्याच शेवंतीला गाठलं.

शेवंती दिवा स्टेशनच्या पलीकडच्या खाडीकाठची, कोळ्याची पोर. डी.एड.चं पहिलं वर्ष. घरात शिकणारी पहिलीच, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मन लावून लिहायची. तिने सगळं ओळीने मांडलं. खोलीत चार मुली आणि भिंतीला प्लगची जागा एक. त्या एका प्लगवर लाकडी बोर्ड, आणि बोर्डावर इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, टेबलफॅन, टेप आणि शुक्रवारी वीज जाते म्हणून घेतलेले दोन इमर्जन्सी दिवे. रॉड आणि इस्त्री एकदम चालू केली की बोर्डाची वायर इतकी तापते की हात धरवत नाही. तापून तापून तिचं कव्हर कडक झालंय आणि चिरा पडल्यात. दिव्यांच्या चार्जिंगच्या वायरी झिजून आतली तांब्याची तार दिसते. त्यांतल्या एकीचा प्लग तुटलाय, म्हणून नुसती टोकं भोकात घालून आगकाडीने दाबून बसवलीत. इतर खोल्यांतही हेच आहे. शॉक बसतो. खाली सही, शेवंती, खोली नंबर सात. शॉक कुणाला बसतो ते लिहायचं तिला सुचलं नाही. तक्रार रखमामावशीची हे बाईंना ठाऊकच आहे, मग वेगळं काय लिहायचं, असा तिचा हिशोब.

संध्याकाळी बाईंनी पान वाचून दाखवलं. सत्तर मुलींनी माना वळवून शेवंतीकडे पाहिलं.

बाईंनी वसतिगृहाच्या वायरमनला, महिपतला, बोलावलं. तो म्हणाला, बाई, प्रत्येक खोलीला मेनपासून वेगळी वायर ओढून दोन-दोन प्लग द्यायला हवेत, रॉडला तर मोठाच प्लग हवा. आणि जाता जाता खाल मानेने हेही सांगितलं, की परीक्षेच्या दिवसांत फ्यूज सारखा उडायचा, तुम्हीच कायमचं काहीतरी कर म्हणालात, म्हणून मी फ्यूजला जाड तार घातलीय. आता लोड कितीही झाला तरी फ्यूज उडायचा नाही, वायर मात्र तापणार. बाईंनी त्याला तार बदलायला सांगितली. नव्या वायरींचा अर्ज वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडे पाठवला. उत्तर आलं, दिवाळीनंतरच्या सभेत बघू. आणि मुलींना त्यांनी प्रार्थनेत बजावलं, आठ दिवसांनी खोल्या तपासणार, तोवर नको त्या वस्तू घरी पोचवा. आगाऊ सांगितल्याशिवाय मुलींच्या खोलीत शिरायचं नाही, हाही त्यांचाच नियम. पोरींच्या अब्रूचा प्रश्न असतो, त्या म्हणत. ऐकायला किती बरं वाटतं, नाही? चोराला आवतण देऊन घराची झडती घ्यायची ती.

वस्तू घरी कुठल्या जायला! रॉड ट्रंकेत गेले, इस्त्र्या गाद्यांखाली. सात नंबरचा बोर्ड आजवर निदान टेबलावर उघडा असायचा, तो खाली लादीवर उतरला, खिडकीजवळच्या पलंगाखाली सरकला आणि त्यावर जुनी गोधडी पडली. वायर भिंतीच्या कडेने गेली. आठव्या दिवशी बाई आल्या तेव्हा खोली कशी देवळासारखी लख्ख. बाईंना बरं वाटलं. पलंगाखाली वाकून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तोवर शेवंतीशी बोलणं बंद झालं होतं. मेसमध्ये तिच्या पानाजवळ कुणी बसेना. चुगलखोर हे नाव पडलं ते पडलंच. दोन आठवडे पोरीने काढले, मग एके दिवशी दुपारी ऑफिसात येऊन म्हणाली, बाई, ती तक्रार मागे घेता येते का? तिचे डोळे सुजलेले होते. बाईंनी का म्हणून विचारायला हवं होतं. बोर्ड कुठं गेला, हे तर विचारायलाच हवं होतं. पण खोली आपल्या डोळ्यांनी तपासलेली, फ्यूज बदललेला, अर्ज गेलेला. त्यांनी लाल शाईने लिहिलं, निवारण झाले, आणि शेवंतीची सही घेतली. पोर बिचारी सुटल्यासारखी गेली. बाईंनाही सुटल्यासारखंच वाटलं, हे त्यांनी पुढे कितीतरी दिवस स्वतःशी कबूल केलं नाही.

रखमाबाई गेली ती सप्टेंबरच्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. मुली कॉलेजात. सात नंबरच्या पलंगाखाली दिवा चार्जिंगला लावलेला तसाच राहिला होता. ओलं फडकं घेऊन, अनवाणी, ती पलंगाखाली वाकली आणि फडक्यासकट हात उघड्या तारेवर पडला. आवाजसुद्धा झाला नाही. बादली आडवी होऊन पाणी बोळात आलं, ते बघून स्वयंपाकीणबाई धावल्या. महिपतने मेन बंद केला. हॉस्पिटलात नेलं, पण तिथे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवा फ्यूज उडाला कसा नाही, असं बाई त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. तो रडत रडत म्हणाला, बाई, माणूस मरायला इतकासा करंट पुरतो, फ्यूजला तो कळतसुद्धा नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणसाला नाही वाचवत.

वीज लागून माणूस दगावला की सरकारी विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. तो यायच्या आधी संस्थेचे सेक्रेटरी येऊन बसले. वही चाळून त्यांचा जीव भांड्यात पडला. तक्रार एका विद्यार्थिनीची, तपासणी झालेली, निवारण झालेलं, तिची सही आहे. मयत बाईची तक्रार कुठेच नाही. वॉर्डनबाई, तुमच्या वहीने तुम्हाला वाचवलं, ते म्हणाले. विचारतील तेवढंच बोला. बाईने ओल्या हाताने विजेच्या वस्तूला हात लावला, तिचा निष्काळजीपणा, आपण तरी काय करणार?

निष्काळजीपणा हा शब्द बाईंच्या मनात कुसळासारखा रुतला. चौदा वर्षं त्या बाईने वसतिगृहाचे कोपरे धुतले. जिन्यावर साबण सांडलेला दिसला तर पोरी घसरतील म्हणून घरी जाता जाता थांबायची. ती निष्काळजी! आणि ते सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार. तिच्या मुलीला कुणी वाचून दाखवणार. बाईंना रात्रभर वाटत राहिलं, आपण काही बोललोच नाही तर कुणाला कळणार आहे? पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. नवरा नाही, मूल नाही. राहायची खोलीसुद्धा वसतिगृहाचीच.

निरीक्षक तरुण होता, मोजकं बोलणारा. त्याने बोर्ड पाहिला, वायरीच्या चिरा पाहिल्या, आगकाड्या एका पाकिटात घातल्या. मग वही वाचली आणि विचारलं, "मयत बाईंनी कधी तक्रार केली होती?"

सेक्रेटरी नाही म्हणायला तोंड उघडणार तोच बाई बोलल्या.

"ही तक्रार तिचीच आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून या मुलीने लिहिली. शॉक बसतो म्हणून ती मला सांगायला आली होती. मी वही दाखवली. आणि बंद केली तीही मीच, तिला न विचारता."

निरीक्षकाने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, बाईंनी सही केली.

महिन्याभरात बाईंना राजीनामा द्यावा लागला. संस्थेला खोल्यांत नव्या वायरी ओढाव्या लागल्या, सभेची वाट न पाहता. शेवंती मात्र वसतिगृह सोडून गेली होती. जाण्याआधी बाईंनी समजूत घातली, तुझा काही दोष नाही म्हणाल्या, पण पोर नुसती मान खाली घालून ऐकत राहिली.

अहवाल आला. त्यात निष्काळजीपणा रखमाबाईच्या नावावर नव्हता. त्याची नक्कल घेऊन बाई खडवलीला गेल्या. आपलं माणूस गेलं तरी निदान त्याच्यावर ठपका नाही, हे घरच्यांना आपल्या तोंडून कळावं, एवढ्याचसाठी. खरं सांगायचं तर आणखीही काहीतरी हवं होतं त्यांना. मनुष्यस्वभाव आहे. झालं ते झालं, बाई, असं कुणीतरी म्हणावं, असं वाटत होतं.

रखमाबाईची मुलगी रंभा ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने सतरंजी घातली, पाणी दिलं. बाईंनी अहवाल वाचून दाखवला, समजावून सांगितला. आपण काय केलं आणि काय केलं नाही, तेही सांगितलं. काही झाकलं नाही. रंभा सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

मग ती म्हणाली, "आधी आई त्या बोर्डाजवळ जायलाच भ्यायची, बाई. लांबूनच काठीला फडकं बांधून पुसायची. मग एक दिवस खुशीत घरी आली. म्हणाली, बाईंनी माझी तक्रार सगळ्या पोरींसमोर वाचली, आता काय भ्या नाय. दुसऱ्या दिवसापासून काठी न्यायची सोडली तिनं."

बाई उठायला गेल्या, पण त्यांना उठता येईना. रंभाने सूप खाली ठेवलं आणि त्यांना हात दिला.