गंधार ते पंचम

सुरू होण्याआधी थोडी हवा ऐकू येत होती. मग गंधार, जरा खरखरीत, श्वास मिसळलेला. गंधारावरून सूर घसरत खालच्या पंचमावर गेला आणि तिथे थांबला. पाठीमागे सतत टकटक.

सोलापुरातल्या युवा महोत्सवाची निवड समिती सकाळपासून हीच क्लिप ऐकत होती. बासरी असेल तर स्पर्धक आत. पाश्चात्त्य फ्लूट असेल तर बाद, कारण पाश्चात्त्य वाद्यांची यादी कालच बंद झाली होती. वाजवणारा स्पर्धक बाहेर व्हरांड्यात बसला होता, पण नियमाप्रमाणे त्याला विचारायचं नव्हतं.

"बगून येऊ का?" चहा ठेवताना शिपाई हरिबा म्हणाला. "एक पोरगी मांडीवर लांब पिशवी घिऊन बसलीया. आत काय हाय ते इचारतो की."

"खबरदार," अध्यक्ष मुकुंदराव म्हणाले. "गुप्तता म्हणजे गुप्तता. तू खाली बघत जा."

हरिबा खाली बघत गेला आणि दारावर आपटला.

तबल्याचे धुळाप्पा सर ठाम होते. "ऐका की, टकटक. फ्लूटच्या चाव्या हायत त्या. बासरीला नुसती भोकं."

"पण हा घसरता सूर?" बासरी शिकवणाऱ्या शकुंतलाबाईंनी विचारलं. "उघड्या भोकांवर बोटं हळूहळू सरकवली की असा अखंड जातो. फ्लूटवर चावी दाबली की साधारण पायरी पडते."

"ओठ फिरवूनही सूर सरकतो," मुकुंदराव म्हणाले.

"थोडासा. एवढा लांब सहज नाही."

"मग बासरी लिहू?"

शकुंतलाबाईंनी क्लिप पुन्हा लावली. अर्धवट खात्रीवर बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि ती टकटक त्यांनाही ऐकू येत होती. मुकुंदरावांनी मतदान घेतलं: धुळाप्पा सर फ्लूट, ते स्वतः बासरी आणि बाई तटस्थ. पुन्हा घेतलं, तेच. मग त्यांनी 'चाव्यांची बासरी' असा नवा प्रकार सुचवला, आणि तो कुठल्या यादीत घालायचा यावर धुळाप्पा सर त्यांच्याशी भांडले.

"संध्याकाळी यादी लागते, बाई," मुकुंदराव हताशपणे म्हणाले. "तुम्ही नाही बोललात, तर बाद लिहितो."

"शेवटचा सूर पुन्हा लावा."

पंचम लांब धरलेला होता. त्याखाली टकटक तशीच, एका लयीत चालू.

"सर, बोट हलत नसताना चावी कशी वाजेल?"

धुळाप्पा सरांनी कान स्पीकरला लावला. तबलजीचा कान, पंजा आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. थोड्या वेळाने ते ओशाळले. "हा कापड इणायचा माग हाय. आमच्या गल्लीत दिवसभर हाच ठेका."

मुकुंदरावांनी पेन उचललं. "बाई?"

"बासरी आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या.