पहिल्या चाचणीची वीस मिनिटं

लातूर जिल्हा नवा झाला. नवा कलेक्टर आला, नव्या पाट्या लागल्या, पाणी मात्र आलं नाही. मुरुडच्या विहिरी तळाला गेल्या आणि शाळा सकाळची झाली. अशा दिवसांत तिथल्याच शिक्षिका साखराबाई वाघमारे एम.एड.चा प्रबंध करत होत्या. पदवी मिळाली की नांदेडच्या अध्यापक विद्यालयात जागा जवळजवळ नक्की होती. घरात एवढं शिकलेलं पहिलंच माणूस, त्यामुळं सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडं लागलेले.

प्रयोग तसा साधा. सहावी 'अ'ला शेर-पायलीनं धान्य मोजून अपूर्णांक शिकवायचे, 'ब'ला नेहमीसारखं खडू-फळ्यावर. दोन्हीकडं शिकवणाऱ्या साखराबाईच. खरं तर चिठ्ठ्या टाकून पोरं दोन गटांत वाटायला हवीत, पण हेडमास्तर तुकड्या मोडायला राजी होईनात. नांदेडच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, आहेत त्याच तुकड्या घ्या, पण शिकवण्याआधी दोन्हींची पातळी चोख मोजा. सुरुवात चुकली, तर शेवटाला काही अर्थ नाही.

दोन्ही वर्गांची चाचणी एकाच तासाला होती. 'अ'वर आपली माया, नकळत एखादा इशारा जाईल, म्हणून साखराबाई मुद्दाम 'ब'वर बसल्या. 'अ' त्यांनी शाळेतल्याच ज्ञानोबा सरांवर सोपवली. सर म्हणजे पाठच्या भावासारखे. त्यांच्यावर विश्वास टाकताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

'अ' पहिल्या चाचणीत मागं पडली आणि शेवटच्या चाचणीत 'ब'च्या बरीच पुढं गेली. साखराबाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी हॉटेलात सरांना चहा पाजला, तेव्हा सर खुशीत येऊन बोलले.

"बाई, एक सांगू का? पहिल्या पेपराला म्या 'अ'ला वीसच मिनिटं दिली हुती. आधी खाली दिसली, तरच पोरं वर चढलेली डोळ्यात भरतेत. तुमच्यासाठीच केलं."

साखराबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. 'ब'ला पुरा तास होता. म्हणजे ती चढण पोरांची होती की घड्याळाची? कदाचित 'अ' आधीपासूनच 'ब'च्या पुढं असेल. शिकलेल्या पोरांना पुन्हा न शिकलेलं करता येत नाही, त्यामुळं पहिली चाचणी परत घेण्यात काही हशील नव्हतं. वैऱ्यानं केलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या. इथं तर गळा कापणारा शाबासकीची वाट बघत बसला होता. त्यांना त्याचा इतका संताप आला की रडूही येईना.

उद्याच नांदेडला जाऊन हा प्रबंध मागं घेते, असं त्यांनी सांगितलं, तसे सर गडबडले. कुणाला कळणार हाय, म्हणाले. मग हळूच विचारलं, "पर पोरं शिकली तर खरी ना, बाई?"

"तेच तर, सर," साखराबाई म्हणाल्या. "ते मला आता कधीच कळणार न्हाई."

चहाचे पैसे देऊन त्या उठल्या. सर बसूनच राहिले.