एकशे चाळीस अक्षरांची विज्ञापना

शनिवार, दि. १८ जुलै २००९ रोजी सायंकाळी सहा वाजता चेन्नईतील नुंगंबाक्कम येथे, मराठी मंडळाच्या कचेरीत, पुढील प्रसंग घडला.

दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाचे, शहराच्या तिरुवल्लिकेणी भागातील सभागृह ऐनवेळी हातचे गेले होते. नवी जागा ट्विटरवर तत्काळ कळवणे भाग होते आणि तेथे एकशे चाळीस अक्षरांपलीकडे मजकूर जात नसे. रेल्वेतून निवृत्त झालेले विद्याधरराव एकवीस वर्षे मंडळाची पत्रके लिहीत आले होते. तीन महिन्यांपूर्वी संगणक कंपनीतल्या सावनीने मंडळाचे खाते उघडले, आणि तेव्हापासून सभासद तिची वाक्ये एकमेकांना वाचून दाखवू लागले. आपल्या पत्रकातले वाक्य कोणी असे वाचून दाखवल्याचे विद्याधररावांना स्मरत नव्हते.

सावनीने मजकूर आधीच लिहून ठेवला होता: ‘उद्याच्या व्याख्यानाची जागा बदलली. तिरुवल्लिकेणीत नाही, नुंगंबाक्कमला बँक कॉलनीच्या हॉलमध्ये या. वेळ तीच, ५ वाजता.’ एकशे चौदा.

यात ना संबोधन, ना सौजन्य; अशा भाषेत हमालाला बोलावतात, असे विद्याधररावांनी सुनावले. अध्यक्षा सरोजिनीबाईंनी त्यांनाही लिहून पाहण्यास सांगितले.

त्यांचा पहिला मसुदा चार वाक्यांचा होता. बोटांवर मोजून तो बसतो अशी त्यांची खात्री होती. पण पडद्यावर उणे एकशे साठ उमटले, म्हणजे तितकी अक्षरे जास्त. काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा, सारे यंत्र वेगवेगळे मोजते, हे सावनीने सांगितले. तिने हे शांतपणे सांगावे, याचेच त्यांना अधिक लागले.

मग त्यांनी कात्री चालवली. संबोधन राखले, ‘विज्ञापना’ राखली. दोन्ही भागांची नावे मात्र लांबलचक आणि कर्णकटू वाटली. त्यांच्या जागी एक सुटसुटीत विशेषण बसले. ‘आदरणीय सुजाण सभासदांस सस्नेह व सादर विज्ञापना: अपरिहार्य कारणास्तव उद्याचे व्याख्यान पूर्वनियोजित वेळी, परंतु नव्या सभागृहात संपन्न होईल.’ एकशे सदतीस. त्यांनी सावनीकडे पाहिले. वाक्य खरोखरच डौलदार होते, आणि तिलाही ते ठाऊक असावे अशी त्यांची इच्छा होती.

तेवढ्यात तंजावरकडचे वृद्ध सभासद राणोजी वर्गणीची पावती न्यायला आले. जागा बदलल्याची त्यांना वार्ता नव्हती. सरोजिनीबाईंनी त्यांना विद्याधररावांचा मजकूर वाचायला दिला आणि उद्या कुठे जाल, असे विचारले.

‘‘तिरुवल्लिकेणीला, अजून कुठे?’’ राणोजी म्हणाले. ‘‘नवं सभागृह म्हणजे त्या हॉलाला रंग दिला असेल.’’

संदर्भ सुजाण वाचकाने जाणावा, असा वाद विद्याधररावांनी घातला. राणोजी दोन पिढ्या मराठी वाचत आलेल्या घरातले, सुजाणच वाचक होते, म्हणून तो वाद टिकला नाही. सरोजिनीबाईंनी मग सावनीचा मजकूर पुढे केला. राणोजींनी तो एकदाच वाचला आणि बस कुठे बदलायची, ते विचारले.

विद्याधररावांनी पुन्हा लेखणी उचलली. सरोजिनीबाईंनी मान हलवली.

‘‘राहू द्या, विद्याधरराव. वाक्य तुमचं चांगलं आहे, पण निरोप तिचा पोचतो. तिचाच जाईल, आणि यापुढे तीच लिहील.’’