गुरुवारचे पहिले दोन तास

गळ्याची शपथ घेऊन सांगते पोरांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर माझ्या उरलेल्या चार दाढा आत्ता तुमच्यासमोर पडोत.

माझी लेक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते आणि वर्षाचं वेळापत्रकही तीच लावते. हे काम तिला दिलं कोणी? कोणी नाही. बाकीचे सगळे बैठकीतून पाणी प्यायला उठले, ही बसून राहिली.

त्या वर्षी आमचं जेवणाचं टेबल नऊ दिवस तिच्या चिठ्ठ्यांनी अडवलं होतं. अकरा वर्ग, दिवसाला आठ तास, सहा दिवस, म्हणजे पाचशे अठ्ठावीस चिठ्ठ्या. प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो आणि पंखा लावायची चोरी. एकदा तुमचे आजोबा शिंकले तर अख्खा बुधवार उडून फ्रिजखाली गेला.

आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. हातपाय सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे एकच वेळ रिकामी होती, गुरुवारी सकाळी आठची. ती सोडली तर थेट पुढच्या हिवाळ्यात. मी न्यायला तयार होते, पण हे माझ्यासमोर ओठ शिवल्यासारखे बसायचे. लेक समोर असली तरच तोंड उघडून आवाज काढायची धडपड करायचे. म्हणजे लेकीला गुरुवारचे पहिले दोन तास रिकामे हवेत. बस, एवढंच. पाचशे अठ्ठावीसमधल्या दोन चिठ्ठ्या.

तिनं मला सगळं समजावलं. वर्ग अकरा, खोल्या दहा. म्हणून कुठल्याही तासाला एक वर्ग मैदानावर, ग्रंथालयात नाहीतर प्रयोगशाळेत असलाच पाहिजे, नाहीतर पोरं जिन्यात बसणार. प्रयोगशाळा एकच. रसायनाचे सर दोन शाळा करतात, इथे फक्त सोमवारी आणि गुरुवारी, तेही मधल्या सुट्टीपर्यंत. प्रयोगाला सलग दोन तास लागतात. सुट्टीआधी तास चार, म्हणजे दिवसाला दोन वर्ग, आठवड्याला चार. आणि नववी-दहावीच्या तुकड्याही चारच. हात घालायला जागा नाही. त्यात आगीची भानगड असते, म्हणून प्रयोगाला सरांबरोबर त्या वर्गाची विज्ञानाची बाई उभी राहिलीच पाहिजे. दहावीला माझी लेक, नववीला एक नवी बाई.

"मग सोप्पं आहे," मी म्हणाले. "नववीची एक तुकडी गुरुवारी टाक, दहावीची सोमवारी आण."

"आई, तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. गुरुवारी तिच्या नवऱ्याची सकाळपाळी. ती सुट्टीनंतरच येऊ शकते, तसं लिहून दिलंय तिनं."

"मग कवायतीचे सर उभे कर. उभंच तर राहायचंय. छाती दाराएवढी आहे त्यांची."

"मागच्या वर्षी केले होते. वासानंच आडवे झाले. त्यांना उचलायला आठ पोरं लागली."

मग ती पुन्हा टेबलावर वाकली. दहावीच्या प्रयोगाची तिची निळी जोडचिठ्ठी उचलायची, सोमवारवर धरायची, परत गुरुवारी ठेवायची. दुसऱ्या कोणाची गैरसोय झाली तर मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते. स्वतःची झाली तर कोणाकडे जायचं? म्हणून वेळापत्रक लावणाऱ्याच्याच वाट्याला नेहमी सगळ्यात वाईट वेळापत्रक येतं.

शुक्रवारी ती शाळेत असताना मी तिच्या वहीतून त्या नव्या बाईचा नंबर काढला. अगदी रडून-भेकून मागायचं ठरवलं होतं. मी आजोबांचं सांगून गुरुवारचा विषय काढतेय तोच तिकडे बाळ किंचाळायला लागलं. ती पोरगी थकलेल्या आवाजात म्हणाली, "आजी, बाईंना सांगा, मी गुरुवारी येते. बाळाला शिक्षकांच्या खोलीत बाकावर झोपवीन."

बाक केवढा असतो हे मला माहीत आहे. तीस वर्षं मीही त्याच बाकांवर बसून वह्या तपासल्यात.

मी म्हणाले, "छे गं, मी बाळ कसं आहे विचारायलाच फोन केला होता." आणि ठेवून दिला.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. निळी चिठ्ठी हातात घेऊन तशीच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता द्यायचा होता. समोर खुर्चीत तुमचे आजोबा. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा तोंडातून शब्द काढला. "राहू दे."

लेकीनं चिठ्ठी गुरुवारी ठेवली आणि गोंद लावला. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून वेळ सोडली.

आता असे डोळे फाडून बघू नका. बरं बाई, सांगते. दाढांची काळजी मलाही आहे. सगळं खरं, फक्त तो शब्द तेवढा मी घातला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी गोंदाची बाटली तिच्याकडे सरकवली, डाव्या हातानं, हळूहळू.